नवव्या घरातली बाई

हे दोन हजार बावीस सालचं. वर्ष पक्कं लक्षात आहे, कारण करोनाची दोन वर्षं गप्प पडलेला आमचा मेढा, ही समुद्राकाठची वस्ती, त्या डिसेंबरात पुन्हा जागा झाला होता. पर्यटकांच्या गाड्या गल्लीत अडकत होत्या, आणि शेजारच्या सेलेस्तीनकडे नाताळच्या नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, घाट घातला गेला होता. मी तेव्हा त्र्याहत्तर वर्षांची. शाळेतून निवृत्त होऊनही बराच काळ लोटला होता. सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि फोन वाजला. नांदगावहून सर्वेश. हा भिकाजींचा पुतण्या. भिकाजी म्हणजे माझे पूर्वीचे यजमान. कागदावरचं नातं सुटून चाळीस वर्षं होत आली तरी सर्वेश मला काकीच म्हणतो, आणि मीही त्याच्या मुलांच्या बारशांना जाऊन आलेली आहे. "काकी, चाय झाली?" त्यानं विचारलं. मग उगाच खोकला. मग म्हणाला, "काका मुंबयसून इलो. आता हयच रवतलो म्हणता." मी म्हटलं, बरं झालं, घर तुमचंच आहे. "आमच्याकडे न्हय गो. म्हणता, नर्मदेकडे जातंय." नर्मदा म्हणजे मी. मी विचारलं, "भेटाक?" तो म्हणाला, "रवाक. तिकडची ती बाय वारली ना गेल्या वर्षी. गुरुवारी घेऊन येतंय तेका. तू मनात काय ता ठरव." आधण उतू गेलं, गॅस विझला, वास पसरला. मी फोन ठेवला, गॅस बंद केला, आणि चहा न करताच खोलीत जाऊन खाट सरकवायला लागले.

हे मी का केलं ते मला तेव्हा कळलं नाही. माझी खाट खोलीच्या मधोमध असते, पंख्याच्या बरोबर खाली, पायथ्याशी खिडकी. खिडकीतून समुद्र दिसत नाही, एका माडाची अर्धी झावळ दिसते, पण वारा समुद्राचाच येतो. ती खाट मी ढकलत ढकलत भिंतीला लावली. मधे मोकळी जागा झाली. दुसऱ्या खाटेची जागा. त्या रिकाम्या फरशीकडे बघताना माझ्या छातीत काहीतरी हललं, आणि त्याला मी आनंद म्हटलं. दुसरं काय म्हणणार? इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते येतंय म्हटल्यावर बाईला आनंदच व्हायला हवा. फरशीवर खाटेच्या पायांचे चार फिके ठिपके राहिले होते. मी ते ओल्या फडक्यानं पुसत बसले आणि ते जाईनात.

वाट बघितली म्हणजे काय, ते सांगायला हवं. लग्न झालं तेव्हा भिकाजी बोटीवर होते. वर्षातून एकदा यायचे, अंगाला तेलाचा आणि लांबच्या बंदरांचा वास घेऊन. हसरे होते. यायचे तेव्हा घर भरून जायचं, जायचे तेव्हा मी दिवसभर त्यांचा टॉवेल धुवायची नाही. मग अठ्ठ्याहत्तर साली ते बोटीवरून उतरले आणि मुंबईहून पुढे घरी आलेच नाहीत. वसईला कोणीतरी होती. माझ्या सासूबाई राधाबाई, त्यांनी मुलाचा निषेध केला नाही की माझं सांत्वनही केलं नाही. त्या मला घेऊन गावच्या देवळात गेल्या, कौल लावायला. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, उजवीकडे आणि डावीकडे. मग गाऱ्हाणं घालतो, मोठ्या आवाजात, कुणाशी भांडावं तसं, आणि भोवतालची माणसं "व्हय म्हाराजा" म्हणत राहतात. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गुरवानं विचारलं, "तुझां लेकरू घरचो उंबरो सोडून गेलां हा, तां परत येतला काय नाय?" गाभाऱ्यात तेलाचा धूर, माझ्या पायाला गार फरशी. किती वेळ काही हललं नाही. मग उजवीकडची पाकळी सुटली, पाषाणावरून घसरत खाली आली आणि राधाबाईंनी माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली. "येतलो!" त्या म्हणाल्या. "तू खंय जाव नको." मी कुठेच गेले नाही. पुढे कागद आले, मी सह्या केल्या, ती कोर्टाची गोष्ट होती. राधाबाई वारल्या. मी शाळेत मुलींना पाढे शिकवले, हे घर घेतलं, मंगळसूत्र काढून डब्यात ठेवलं. पण आत कुठेतरी ती पाकळी घसरतच होती. देवानं होय म्हटलंय, मग आज ना उद्या. मी एकटी आहे असं मी स्वतःशीसुद्धा कधी म्हटलं नाही. मी थांबलेली आहे, असंच म्हणायची.

दुपारी मी सेलेस्तीनकडे गेले. सेलेस्तीन माझ्यापेक्षा जरा लहान, बाहरीनच्या इस्पितळात नर्स होती, नवरा कॉस्मे गेल्यावर परत आली. मुलगा क्लाइव्ह मडगावला असतो. बाहरीनला असताना एका आयरिश मेट्रनकडून ती पत्त्यांसारखी चित्रांची भविष्याची पानं वाचायला शिकली, आणि त्या पानांचा जुना जोड तिनं रेशमी रुमालात गुंडाळून शिवणाच्या मशीनच्या खणात ठेवला होता. मला ती किती वेळा म्हणाली असेल, बस गो एकदा. मी कधी बसले नाही. आमचा देव आहे, म्हणायची मी. त्या दिवशी मी दारातूनच म्हटलं, "तुझी ती पानां काढ." तिच्या हाताला पीठ लागलेलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "नाताळाआधीचो आगमनाचो म्हयनो आसा गो," ती म्हणाली. "पाद्रीन आयकलां तर माका कुमसाराक बसवन सगळी पापां सांगूक लावतलो." मी म्हटलं, "माझांय एक घाल त्येच्यात." तशी ती हसली, हात धुतले, टेबलावरचं पीठ पुसलं, नेवऱ्यांचं ताट खुर्चीवर ठेवलं आणि मशीनचा खण उघडला. मग मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकताना मधे बोलत नाही, ही तिची नर्सपणाची सवय.

"इचार काय तो नीट इचार," ती म्हणाली. मी म्हटलं, "येतलो काय नाय?" तिनं पानांचा जोड टेबलावर ठेवून दिला. "ह्या तुझ्या देवळात इचार. गुरुवारी येतलो म्हणान पोरान सांगल्यान मा? मग पानांका कित्याक तरास देतंस? ही पानां हो-नाय सांगणत नाय. ही पानां सांगतत काय चाल्लासा. असा इचार, तो इलो तर माझां काय." मला ते वाक्य तोंडातून काढायला जड गेलं. त्यात नाव घ्यावं लागणार होतं. लग्नात एकदाच उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर कधी नाही. राग आला तेव्हाही मी 'हे' म्हणायची, आणि गेल्यावर 'ते'. शेवटी म्हटलं, "भिकाजी परत इले तर माझां काय?" नाव बाहेर पडलं आणि काहीच झालं नाही. बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, एवढंच.

तिनं जोडातून एक पान शोधून काढलं आणि टेबलाच्या मधे ठेवलं. सिंहासनावर बसलेली बाई, हातात उभी तलवार, दुसरा हात पुढे केलेला. तलवारींची राणी. "ही तू," ती म्हणाली. "ज्या बाईमाणसान एकटा रवान दुख्ख बघलेला असता, तिका आमची मेट्रन ही राणी द्यायची." राणीचं तोंड उजवीकडे होतं. सेलेस्तीन म्हणाली, हे महत्त्वाचं आहे, कारण राणीच्या पाठीमागे जे पान पडेल ते गेलेलं आणि तिच्या तोंडासमोर पडेल ते येणारं. मग तिनं पानं माझ्याकडे दिली, पिसायला. "प्रश्न मनात धर. आता डाव्या हातान तीन वाटे कर." मी म्हटलं, डाव्या? "डावो काळजाकडचो." मला ते बरं वाटलं नाही. डावा म्हणजे आमच्याकडे नाही. पण केले.

पहिलं पान तिनं राणीवरच ठेवलं. "ह्या तुका झाकता." डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई, छातीवर दोन तलवारी आडव्या धरून बसलेली, मागे समुद्र आणि खडक आणि चंद्राची कोर. तलवारींची दुर्री. मी खडकांकडेच बघत होते, आमच्या किल्ल्याजवळचे वाटावेत असे. "ठरवूक होयना म्हणान डोळे बांधून बसलंस," ती म्हणाली. दुसरं पान तिनं त्यावर आडवं ठेवलं. "ह्या तुका आडव्या येता. आडव्या पानाक उलटां-सुलटां नसता, ता सुलटांच वाचूचा." जुन्या घराचं अंगण, एक मुलगा एका मुलीला फुलांनी भरलेला पेला देतोय. पेल्यांची छक्की. जुन्या गोड आठवणी, म्हणाली ती, जुनं माणूस परत येणं. मला बरं वाटलं, आणि तिच्या लक्षात आलं. "हसू नको. ह्या आडव्या पडलासा. आठवण चांगली आसा, पण ती तुझ्या वाटेत बसलीसा." राणीच्या डोक्यावर धर्मगुरू पडला, पायाशी दोन चाव्या घेऊन बसलेला, आणि ती म्हणाली, "घे, पाद्री इलोच!" आणि आम्ही दोघीही हसलो. हे पान तुझ्या डोक्यात आहे, ती म्हणाली, काय बरोबर, लोक काय म्हणतील, लग्न म्हणजे लग्न. पायाखाली पेल्यांची पंजी, काळा झगा पांघरून सांडलेल्या पेल्यांकडे बघत उभा असलेला माणूस, पण पान उलटं पडलं. "मुळात दुख्ख होता. आता उलटां झाला. म्हंजे सरत इलां." मी म्हटलं, माझं काही सरलेलं नाही. "मी सांगणंय नाय, पान सांगता," ती म्हणाली.

राणीच्या पाठीमागे, डावीकडे, पेल्यांची अठ्ठी. रात्रीची वेळ, काठी घेतलेला माणूस रचलेले पेले तसेच टाकून डोंगराकडे चाललाय. ह्याला अर्थ सांगायची गरज नव्हती. पाठसुद्धा तीच, किंचित वाकलेली, दूर जाताना बघितलेली. मग तिनं राणीच्या तोंडासमोर, उजवीकडे, सहावं पान ठेवलं. पांढऱ्या घोड्यावर बसलेला, हातात पेला पुढे धरून हळूहळू येणारा स्वार. पेल्यांचा घोडेस्वार. सुलटा. आणि माझ्या हातून ते झालं. मी खुर्चीवरून उठले, हात जोडले आणि मोठ्यानं म्हटलं, "उजवो कौल पडलो!" खरंच म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांनी तीच पाकळी पुन्हा उजवीकडे पडली होती. मला वाटलं, संपलं, देवानंही सांगितलं आणि पानांनीही. "मी जातंय," म्हटलं, "सर्वेशाक फोन करतंय. येवंदे तेंका." मी चप्पल शोधायला लागले. सेलेस्तीननं माझा हात धरला, राधाबाईंनी धरला होता तसाच, आणि खाली बसवलं. "अगो बये, हो तुमचो कौल न्हय! उजवीकडे पडलां म्हणान 'होय' कित्या? ता उजवीकडे पडलां कारण राणीचां तोंड तकडे आसा. ती डावीकडे बघणारी असती तर हो स्वार डावीकडे इलो असतो. येतलो तर येतलोच. पेलो घेऊन येतलो, मागणी घेऊन. ती घेवची काय नाय ता अजून चार पानांत आसा. बस." मी बसले. लाज वाटली. मुलांना शिकवलेली बाई मी, आणि दिशा कुणाच्या तोंडावरून ठरते हे मला कुणी तरी पहिल्यांदा सांगत होतं.

उरलेली चार पानं ती उजव्या अंगाला, खालून वर अशी एकेक रचत गेली. सातवं, सगळ्यांत खालचं, म्हणजे मी स्वतः, ह्या सगळ्यात मी कशी उभी आहे ते. झाडाला एका पायानं उलटा टांगलेला माणूस. "उलटां पडलां," मी म्हटलं. "नाय गो, ह्या सुलटांच. माणूसच उलटो आसा." त्या माणसाचा चेहरा मात्र शांत होता, डोक्याभोवती उजेड. "कोणी बांधून घातल्यासारखी थांबलंस," ती म्हणाली, "पण बघ, तेका तरास नाय." त्याच्यावर आठवं, माझ्या भोवतालच्या माणसांचं. नाण्यांची दश्शी. दारात बसलेला म्हातारा, पायाशी कुत्रे, मुलगा, सून, नातवंड. मला सर्वेश दिसला, त्याची बायको दिसली, गल्लीतल्या बायका दिसल्या. सगळ्यांना म्हातारा दारात बसलेला हवा आहे, चित्र पुरं होतं. कोणाच्या दारात, ते चित्रात दिसत नाही.

मग नववं पान. ते ठेवण्यापूर्वी सेलेस्तीन थांबली. तिनं पदरासारखा ॲप्रन पुन्हा बांधला. "ह्या घर," ती म्हणाली, पानाच्या जागेला ती घर म्हणते, "सगळ्यांत वायट, म्हंजे अवघड. बाकीच्या घरांत एक पान एक गोष्ट सांगता. ह्या घरात एकाच पानात आशा नि भीती, दोनय एकत्र रवतत. नवीन शिकणारी माणसां हय चुकतत. ह्या पान बघून म्हणतत, ह्या घडतला. ह्या भायर घडना नाय. ह्या तुझ्या भितर आसा." आणि तिनं पान पालथ्याचं सुलटं केलं.

एक बाई. बागेत उभी. मागे द्राक्षांचे वेल, घोसांनी लगडलेले, आणि घोसांमधून पिवळी नाणी. लांब फुलांचा झगा. डाव्या हातावर हातमोजा, त्यावर डोळ्यांवर टोपी घातलेला पक्षी बसलेला. खाली मातीत एक गोगलगाय. लांब मागे घर. बाकी कोणी नाही. नाण्यांची नव्वी, ती म्हणाली. मी म्हटलं, ही माझी भीती. हे बघायची मला गरजच नव्हती. एकटी बाई, बाग, घर, आणि कोणी नाही. असंच मरायचं, सकाळी दूधवाल्यानं हाक मारायची आणि आतून ओ यायची नाही. "हीच मा भीती? मग पुरी सांग," सेलेस्तीन म्हणाली. "मेट्रनची रीत आसा. आधी भीती म्हणान मोठ्यान सांग. मग त्याच पानाक, तेच शब्द ठेवन, आशा म्हणान सांग. जां घशात अडकता, ता खोटां." मला हे पोरखेळासारखं वाटलं. पण ती वाट बघत होती आणि तिच्यापुढे माणूस चुकवू शकत नाही, इंजेक्शनच्या वेळी बाही वर करावी तसं वाटतं. मी म्हटलं, "माका भीती वाटता, की मी ह्या घरात एकटीच रवतलंय." म्हणताना मी आवाजात दुःख आणण्याची तयारी केली होती. पण वाक्य कोरडं बाहेर पडलं. परवचा म्हणावा तसं. अगदी थोडं घशात अडकलं.

"आता दुसरां," ती म्हणाली. मी म्हटलं, "माका आशा आसा," आणि थांबले. पानातली ती बाई माझ्याकडे बघत नव्हती, तिच्या पक्ष्याकडे बघत होती. आणि मला खाट आठवली. फरशीवरचे ते चार ठिपके आठवले, जे मी पुसत होते आणि जे जात नव्हते, आणि ते जात नाहीत म्हणून मला किती बरं वाटत होतं हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं. सकाळी उठून कुणाला विचारावं न लागता केलेला चहा, फुळकवणी नाही, कडक, माझ्या मापाचा. रेडिओ हवा तेव्हा मोठा. मासे आणायचे नाहीत त्या दिवशी नुसता पेजेचा भात आणि मिठातली मिरची, आणि कोणी तोंड वाकडं करणार नाही. उन्हाळ्याच्या दुपारी फरशीवर आडवं पडून पायाला गार लागताना शाळेच्या जुन्या मुलींची नावं आठवायची. दार लावायचं ते माझ्या मनानं. पंख्याच्या खाली, मधोमध, अख्ख्या खाटेवर आडवी झोपायची मी, एक पाय इकडे, एक तिकडे, जशी लग्नाच्या आधी कधी झोपले नव्हते आणि लग्नात तर नाहीच. मला वाटायचं मी त्यांची जागा राखून ठेवली आहे. जागा तर मी केव्हाच वापरून टाकली होती. "की मी ह्या घरात एकटीच रवतलंय," मी म्हटलं. अडखळले नाही. शब्द इतके सहज आले की मीच दचकले, आणि मग मला हसू फुटलं, असं की खुर्चीवरचं नेवऱ्यांचं ताट कलंडता कलंडता राहिलं. सेलेस्तीन माझ्याकडे बघत होती, मग तीही हसायला लागली. "बघ, बघ," ती म्हणत होती, "तुका काय व्हया ता तुकाच भ्याव दाखयत होता."

छातीत सकाळी जे हललं होतं ते काय होतं हेही मला तेव्हा कळलं. तो आनंद नव्हता. कोणीतरी आपल्या खोलीत सामान ठेवायला आल्यावर होतं ते होतं. सेलेस्तीननं सातव्यावर बोट ठेवलं आणि मग नवव्यावर. ही दोन जोडून वाचायची, ती म्हणाली, तू आहेस कशी आणि आत हवं काय. टांगलेला माणूस थांबलेला असतो पण सुखात असतो, आणि ही बाई बागेत असते. मला शाळेतलं गणित सुटल्यावर मुलींच्या तोंडावर येतं तसं काहीतरी माझ्या तोंडावर आलं असणार, कारण तिनं शेवटचं पान लगेच उलटलं नाही. एक नेवरी मोडून अर्धी माझ्या हातात दिली. मग दहावं ठेवलं, सगळ्यांत वर. होडी. एक माणूस वल्हं मारतोय, पुढे पांघरूण घेतलेली बाई आणि एक मूल, होडीत सहा तलवारी रोवलेल्या. तलवारींची छक्की. जुनी सवय गेली नव्हती. मी म्हटलं, "बोटीतून येतत ते." ती म्हणाली, "खंय येतत? बघ, सगळी पाठमोरी आसत. ही बोट हयसून जाता. आणि पाणी बघ. ह्या बाजूक लाटा, पलीकडे सपाट. बाई तूच, तलवारी तुझ्याच, त्या बोटीत रवतल्या. पण पाणी शांत." मग तिनं पानं गोळा केली, राणीला त्यांच्यात मिसळून टाकलं, रुमालात गुंडाळली, आणि क्रूसाची खूण करून म्हणाली, "आता सरळ उठ आणि पीठ मळूक लाग, माझी दुपार खाल्लंस." मी संध्याकाळपर्यंत नेवऱ्यांच्या कडा दुमडत बसले.

गुरुवारी ते आले. घोडेस्वार रिक्षानं आला, आणि हातात पेला नव्हता, गुळाच्या खाज्याचा पुडा होता. सर्वेश त्यांना ओसरीवर बसवून मुद्दाम बाहेर रस्त्यावर उभा राहिला. भिकाजी बारीक झाले होते. केस पांढरे, पण हसणं तेच, एका बाजूला. अंगाला तेलाचा वास नव्हता, कुठल्यातरी औषधी मलमाचा होता. मला वाटलं होतं राग येईल. दया येईल असंही वाटलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला ओळखीचा माणूस बघितल्यासारखं वाटलं, बस. चहा दिला, कडक. त्यांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं, मग सांभाळलं. "साखर?" मी विचारलं. "नको, नको, बरी आसा." ते ओसरीकडे, दाराकडे, मग उघड्या दारातून आत बघत होते. खाट मधोमध होती. मी बुधवारीच ती परत ओढून ठिपक्यांवर बसवली होती. त्यांनी ती बघितली. "नर्मदा," ते म्हणाले, "येव काय?"

"येवचां," मी म्हटलं. "चाय पिऊक, गजाली करूक, केव्हाय येवचां. रवाक नको."

मी हे म्हटलं आणि मान खाली घातली नाही. त्यांनी पेला खाली ठेवला. मग एक लांब श्वास सोडला, इतका लांब की मला वाटलं काही होतंय. पण त्यांच्या तोंडावरचं हसणं दुसऱ्या बाजूलाही पसरलं होतं. "माका भ्याव वाटत होता," ते म्हणाले. "सगळे सांगतत जा, जा, तिका बरां वाटतला. मी म्हटलां, इतक्या वर्सांनी जावन मी करतलंय काय? थंय नांदगावाक माका माझी खोली आसा. टीव्ही आसा. पण नाय इचारलां तर तू म्हणशीत..." मी म्हटलं, "मी काय म्हणतलंय? देवान सांगल्यान होता तुमी येतलास. इलास. देव खरो झालो." त्यांना काही कळलं नाही, त्यांना त्या कौलाचं कधी कोणी सांगितलंच नव्हतं. मी ते सांगितलं, बांगडी पिचली तेही सांगितलं, आणि आम्ही दोघंही हसलो, राधाबाईंची आठवण काढून. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते आईसाठी होतं, मला ते आवडलं. गाभाऱ्यातली ती पाकळी इतक्या वर्षांनी तिथंच ओसरीवर खाली पडली, आणि तिच्याखाली अडकलेलं असं काही उरलं नाही. सर्वेश रस्त्यावरून डोकावत होता. त्याच्या तोंडावर प्रश्न. मी म्हटलं, "ये रे, खाजो खा. तुझ्या काकाक घराकडे घेऊन जा, थंय टीव्ही आसा."

भिकाजी नांदगावलाच राहिले. दर महिन्याला एकदा रिक्षानं यायचे, चहात स्वतःच साखर घालून घ्यायचे, आणि ऊन उतरायच्या आत परत जायचे. चोवीस सालच्या पावसाळ्यात ते झोपेतच गेले. मी गेले होते. रडले, पण ओळखीच्या माणसासाठी रडावं तसं. सर्वेशनं हायवेला चहाची टपरी टाकली आहे आणि काकीला अजून फोन करतो. त्याच्या बायकोला मात्र अजून वाटतं की मी काकाला घरात घ्यायला हवं होतं, आणि ते ती मला दर गणपतीला सांगते. सेलेस्तीनला क्लाइव्हनं मडगावला नेलं. तिथं तिला करमत नाही, फोनवर पाद्रीची नक्कल करते, आणि नाताळाला अजून इथंच येते. पानांचा जोड तिच्याकडेच आहे. मी पुन्हा कधी विचारलं नाही, विचारण्यासारखं राहिलं नाही. मी मेढ्यातच आहे. खाट मधोमध आहे. दुपारी पंखा लावून त्यावर आडवी होते, एक पाय इकडे, एक तिकडे, आणि कधी कधी माझ्या पायाशी, खिडकीच्या गजावर, पावसाळ्याच्या दिवसांत एखादी गोगलगाय हळूहळू चढताना दिसते. तिला मी हाकलत नाही.